मण्यार की कवड्या? फोटोवरून पट्टेरी साप ओळखताना काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने पाहायचं

काळपट अंग आणि त्यावर पांढरे आडवे पट्टे असलेल्या सापाचा फोटो आला की उत्तर बहुतेक दोघांपैकी एक असतं: मण्यार किंवा कवड्या. मण्यार भारतातल्या सर्वांत विषारी सापांपैकी एक आहे, तर कवड्या बिनविषारी. दोघेही रात्री फिरतात, दोघेही घरात शिरतात आणि दोघांचंही अंग चकचकीत असतं. म्हणून पट्टे दिसले की लगेच नाव सांगून मोकळं होऊ नये. फोटो एका ठरावीक क्रमाने वाचायचा. तो क्रम आणि प्रत्येक टप्पा कुठे दगा देतो, हे इथे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. कुणाला साप चावला असेल तर ओळख पटण्याची वाट पाहू नका, थेट रुग्णालयात न्या. मण्यारीच्या दंशाला बऱ्याचदा फारशी सूज किंवा वेदना नसते. काही तासांनी पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलायला आणि गिळायला त्रास होणं अशी लक्षणं दिसू लागतात. डॉक्टर लक्षणं पाहून उपचार ठरवतात, त्यांना साप दाखवावा लागत नाही. खालची सगळी पद्धत फोटोतल्या सापासाठी आहे, दंशाच्या निर्णयासाठी नाही.

आधी फोटो नीट हातात घ्या

मेसेजमधून फिरत आलेला फोटो दाबला गेलेला असतो. त्यात पट्टे दिसतात, पण खवल्यांच्या कडा पुसल्या जातात, आणि आपला निकाल तर खवल्यांवरच लागणार असतो. म्हणून पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागा, स्क्रीनशॉट नको. फोटो काळा आला असेल तर उजेड वाढवून पाहा. मात्र कडा धारदार करणारी फिल्टर वापरू नका. ती नसलेल्या रेषा उमटवतात आणि साध्या चौकटी खवल्याचा षटकोन करून टाकतात.

रंगाला सुरुवातीला काहीच महत्त्व देऊ नका. मण्यार निळसर काळी आणि कवड्या तपकिरी, असं सांगितलं जातं आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण फ्लॅशच्या उजेडात तपकिरी कवड्या काळा दिसतो, पिवळ्या दिव्याखाली मण्यारीचे पांढरे पट्टे पिवळट होतात आणि कात टाकण्याआधी कुठलाही साप राखाडी, मळकट दिसतो. रंग शेवटी पाहायचा, आधीच्या खुणांना दुजोरा म्हणून.

लांबीचंही तसंच. कवड्या साधारण अर्धा मीटरचा असतो आणि मण्यार एक मीटरच्या आसपास वाढते. त्यामुळे ‘लहान आहे, म्हणजे कवड्याच’ असा तर्क लढवला जातो. पण मण्यारीचं अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू पंचवीस-तीस सेंटीमीटरचं असतं आणि त्याच्याजवळ जन्मापासून विष असतं. छोट्या सापाच्या फोटोला मी जास्त वेळ देतो, कमी नाही.

पहिली खूण: पट्टे कुठल्या टोकाला ठळक आहेत?

आधी सापाचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे ते शोधा. वेटोळं असेल तर बोट ठेवून पूर्ण अंगावरून एकदा फिरा. मग पाहा, पट्टे कुठून सुरू होतात आणि कुठे विरतात.

मोठ्या मण्यारीत मानेपाशी पट्टे नसतात किंवा फार पुसट असतात. अंगाचा पुढचा पाव-एक भाग जवळजवळ कोरा काळा दिसतो. तिथून पुढे पाठीच्या मधोमध पांढरे ठिपके लागतात, मग बारीक पट्टे, आणि शेपटीकडे ते सगळ्यांत स्पष्ट असतात. बऱ्याच मण्यारींमध्ये हे पट्टे जोडीने येतात: दोन बारीक रेषा जवळजवळ, मग काळी जागा, पुन्हा दोन रेषा. ही जोडी दिसली तर ती मोलाची खूण आहे. पट्टा बारीक असतो, त्याची कड स्वच्छ असते आणि तो पाठीवरून कुशीकडे उतरताना फारसा रुंदावत नाही.

कवड्याचं याच्या उलट. त्याचे पट्टे मानेकडून सुरू होतात, तिथेच ते सर्वांत रुंद आणि ठळक असतात आणि शेपटीकडे जाता जाता विरतात. मानेवर बहुधा पांढरट पिवळ्या रंगाची कॉलर असते. पट्टा पाठीवर अरुंद असतो आणि कुशीवर उतरताना फाकतो, त्यामुळे कुशीला तपकिरी त्रिकोण अडकल्यासारखे दिसतात. पट्ट्याच्या आत तपकिरी शिंतोडे असतात, कड खडबडीत असते.

म्हणजे, मान कोरी आणि शेपूट पट्टेदार असेल तर मण्यारीचा संशय. मान पट्टेदार आणि शेपूट कोरी असेल तर कवड्याकडे कल. एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं, पण दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण मण्यारीची पिल्लं. त्यांच्यात मानेच्या जवळपर्यंत ठिपके किंवा पट्टे दिसू शकतात, त्यामुळे ‘मान कोरी’ ही खूण लागू पडत नाही. दुसरी अडचण पट्टेरी कवड्या. हा साध्या कवड्याचा भाऊबंद, त्याच्याहून लहान, रंगाने जवळजवळ काळा, आणि त्याचे पांढरे पट्टे शेपटीपर्यंत जातात. त्याच्यात पुढचे पट्टे एकमेकांपासून दूर असतात आणि मागे जवळ जवळ येतात. ओझरतं पाहिलं तर मण्यारीचं पिल्लूच वाटावं. या दोघांत पट्ट्यांवरून निकाल देणं धोक्याचं आहे. तिथे दुसरी खूण लागते, आणि माझ्या मते सगळ्यांत विश्वासाची तीच.

दुसरी खूण: मणक्यावरची खवल्यांची ओळ

पाठीच्या अगदी मधोमध, मणक्यावरून, डोक्यापासून शेपटीपर्यंत खवल्यांची एक ओळ जाते. मण्यारीत या ओळीतले खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठे आणि षटकोनी असतात. कवड्यात ही ओळ वेगळी काढताच येत नाही. तिथले खवले शेजारच्यांसारखेच, त्याच आकाराचे, तिरप्या चौकटीसारखे असतात.

फोटोत हे असं शोधा. वेटोळ्याचा जो भाग कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ आहे आणि जिथे पाठ वरून दिसते, तो निवडा. तिथे झूम करून पाठीची मधली रेषा धरा. त्या रेषेवरचा एक खवला घ्या आणि त्याच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्याशी रुंदीची तुलना करा. मग त्याच ओळीत पुढचे तीन-चार खवले पाहा. मण्यारीत ही ओळ सलग उठून दिसते, विशेषतः अंगाच्या मध्यापासून मागे, जिथे खवल्याची रुंदी त्याच्या लांबीइतकी किंवा जास्तही होते. मानेपाशी ते तेवढे मोठे नसतात. त्यामुळे फक्त मान दिसणाऱ्या फोटोवरून ‘मोठे खवले नाहीत’ असं म्हणू नये.

नवखी माणसं इथे दोन ठिकाणी फसतात. एक, साप कुशीवर कललेला असतो आणि आपण मधली रेषा समजून भलत्याच ओळीकडे पाहत राहतो. हे टाळण्यासाठी पट्ट्याचा आधार घ्या. पट्टा दोन्ही कुशींकडे जिथून सारखा उतरतो, तिथे पाठीचा मध्य. दोन, फ्लॅशची चमक. अंग चकचकीत असल्यामुळे नेमकी पाठीच्या कण्यावर पांढरी रेघ पडते आणि खवल्यांच्या कडा त्यात बुडतात. अशा वेळी चमकेच्या रेघेच्या टोकाला, जिथे ती संपते, तिथले दोन-तीन खवले पाहायचे.

मधल्या अंगावर खवल्यांच्या ओळी मोजण्याचा सल्लाही तुम्हाला कुणी देईल. साध्या मण्यारीत त्या बहुधा 15 असतात आणि कवड्यात 17. हातातल्या नमुन्यासाठी ही मोजणी चांगली, पण फोटोत सापाची एकच बाजू दिसते आणि निम्म्या ओळी मोजून दुप्पट करताना चूक होते. शिवाय सिंध मण्यार या मण्यारीच्याच दुसऱ्या जातीत 17 किंवा त्याहून अधिक ओळी असतात, म्हणजे 17 आल्या तरी मण्यार निसटत नाही. सिंध मण्यारीतही मणक्यावरचे खवले मोठेच असतात, म्हणून मी मोजण्यापेक्षा पाहण्यावर भर देतो.

तिसरी खूण: शेपटीखाली, जर दिसत असेल तर

साप पारदर्शक बरणीत असेल किंवा रस्त्यावर मेलेला उलटा पडला असेल तर पोटाची बाजू दिसते. साध्या मण्यारीत आणि पुढे येणाऱ्या पट्टेरी मण्यार या वेगळ्या जातीत शेपटीखालचे खवले एकसंध असतात, म्हणजे पोटावरच्या पट्ट्यांसारखी एकच ओळ शेवटपर्यंत जाते. कवड्यात गुदद्वाराच्या मागे ते दोन भागांत विभागलेले असतात आणि मधोमध नागमोडी रेघ दिसते. खूण स्पष्ट आहे, फक्त तिच्यासाठी साप उलटा करायला जाऊ नका. मेलेल्या सापालाही हात नको. नुकत्याच मेलेल्या सापाचा जबडा प्रतिक्षिप्त क्रियेने मिटू शकतो.

ही खूण पूर्वोत्तर भारतात आणि त्यापलीकडे जशीच्या तशी नेऊ नका. तिथल्या मण्यारींच्या काही जातींत शेपटीखालचे खवले विभागलेले असतात. महाराष्ट्रातल्या फोटोंसाठी मात्र ती चालते.

डोकं दिसत असेल तर

मण्यारीचं डोकं मानेपेक्षा किंचितच रुंद, तोंड गोलसर आणि डोळे लहान, काळे. कवड्याचं डोकं चपटं, मानेपासून वेगळं कळणारं, तोंडाचा पुढचा भाग पसरट आणि डोळे काळ्या मण्यांसारखे बाहेर आलेले. बाजूने काढलेला चांगला फोटो असेल तर नाकपुडी आणि डोळा यांच्यामधले खवले पाहा. मण्यारीत डोळ्याच्या पुढचा खवला थेट नाकपुडीच्या खवल्याला भिडतो. कवड्यात त्या दोघांच्या मध्ये आणखी एक खवला असतो. वरचा ओठ दोघांचाही पांढरट असू शकतो, तो पाहून काही ठरवू नका.

बऱ्याच फोटोंत डोकं दिसतच नाही. मण्यार दिवसा डिवचली की वेटोळं करून डोकं अंगाखाली लपवते. कवड्याही असंच करतो, म्हणून लपवलेलं डोकं ही काही खूण नव्हे. भिंतीवर चढलेला साप कवड्या असण्याची शक्यता अधिक, कारण तो पाली शोधत खडबडीत भिंतीवर सहज चढतो. तरी जागेवरून मिळतो तो फक्त अंदाज.

पट्टेरी मण्यार वेगळी कशी

आतापर्यंत काळ्या-पांढऱ्या साध्या मण्यारीबद्दल बोललो. पट्टेरी मण्यार ही वेगळी जात. महाराष्ट्रात ती विदर्भाच्या पूर्व भागात आढळते, पुढे छत्तीसगड, ओडिशा, बंगाल, ईशान्य भारत ते आग्नेय आशियापर्यंत. छत्तीसगडमध्ये तिला अहिराज म्हणतात. हिला ओळखणं त्या मानाने सोपं आहे. काळे आणि पिवळे पट्टे जवळजवळ सारख्याच रुंदीचे असतात आणि ते पोटाखालूनही गोल फिरतात. पाठीचा कणा छपराच्या आढ्यासारखा वर आलेला असतो, दोन्ही बाजू उतरत्या, त्यामुळे अंग आडवं कापलं तर त्रिकोणी दिसेल असं. शेपटी निमुळती होत नाही, बोथट संपते. डोक्यावर पिवळी बाणासारखी खूण असते.

फोटोत आढं दिसण्यासाठी प्रकाश बाजूने यावा लागतो. समोरून फ्लॅश मारला की अंग सपाट भासतं. अशा वेळी शेपटीचं टोक पाहा, ते कुठल्याही उजेडात बोथटच दिसतं. ईशान्य भारतातल्या एका कवड्याच्या जातीतही रुंद पट्टे असतात, पण त्यांच्या कडा अनियमित आणि शिंतोडेदार असतात, कणा आढ्यासारखा नसतो आणि शेपटी टोकाकडे निमुळती होते.

बाकीचे पट्टेदार साप फार वेळ घेत नाहीत. कुकरी साप फिकट तपकिरी असतो आणि त्यावर गडद पट्टे असतात, म्हणजे मण्यारीच्या उलट. डोक्यावर बाणासारखे गडद पट्टेही असतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोत वल्ह्यासारखी चपटी शेपटी दिसली तर तो सागरी साप आहे. तो विषारी असतो, त्यामुळे ‘मण्यार नाही’ म्हणजे ‘हात लावायला हरकत नाही’ असं कुणालाही वाटू देऊ नका.

एक फोटो पूर्ण वाचून पाहू

असा फोटो समोर आहे असं धरा. रात्रीची वेळ, मोबाइलचा फ्लॅश, फरशीच्या कोपऱ्यात वेटोळं घातलेला छोटा साप. अंग काळं, त्यावर पांढरे पट्टे, डोकं वेटोळ्याखाली, शेपूट बाहेर. फरशीची लांबी-रुंदी माहीत आहे, तिच्याशी तुलना केली तर सापाची लांबी तीसेक सेंटीमीटर भरते. पाठवणाऱ्याने लिहिलंय, ‘छोटा आहे, कवड्याच ना?’

लांबीवरून काही ठरत नाही, मण्यारीचं पिल्लूही एवढंच असतं. काळ्या रंगावरूनही नाही, फ्लॅश आहे. डोकं दिसत नाही, म्हणून डोळे आणि डोक्यावरचे खवले बाद. उरले पट्टे आणि पाठ.

शेपटीपासून सुरुवात करू. शेपटीवर पट्टे बारीक आणि ठळक आहेत. साधा कवड्या इथेच मागे पडला, त्याच्या शेपटीकडे पट्टे विरायला हवेत. पण पट्टेरी कवड्या अजून शर्यतीत आहे. पुढे सरकू. मागच्या भागात पट्टे दोन-दोन जवळ आहेत, मध्ये काळी जागा मोठी. पट्ट्याची रुंदी जेमतेम एका खवल्याची, कड स्वच्छ, आणि कुशीवर तो फाकत नाही. वेटोळ्याच्या मध्याकडे पट्टे तुटून मणक्यावर नुसते ठिपके उरलेत. या सगळ्या गोष्टी मण्यारीकडे बोट दाखवतात, तरी पिल्लू आणि पट्टेरी कवड्या यांची सरमिसळ होते हे आपल्याला माहीत आहे. म्हणून आता झूम.

वेटोळ्याच्या वरच्या वळणावर फ्लॅशची रेघ आहे. ती संपते तिथे मणक्यावरचे पाच खवले सलग दिसतात. प्रत्येक खवला शेजारच्यापेक्षा रुंद, सहा कडांचा. पांढरा ठिपका नेमका त्यांतल्याच एका खवल्यावर बसलाय, त्यामुळे मधली रेषा आपण बरोबर धरली याचीही खात्री पटते. निकाल: मण्यार, पिल्लू. पाठवणाऱ्याला आधी ‘लांब राहा, सर्पमित्राला बोलवा’ आणि मग नाव सांगायचं.

आता याच फोटोत दोन गोष्टी बदला. पट्टे एकेकटे आहेत, कुशीवर फाकतात, आणि त्याच वळणावर मणक्यावरचे खवले शेजारच्यांसारखेच चौकटी आहेत. मग तो पट्टेरी कवड्या. पण खवले दिसलेच नाहीत, फोटो अस्पष्टच निघाला, तर पट्टे कितीही कवड्याकडे झुकत असले तरी मी ‘कवड्या’ लिहीत नाही. ‘मण्यार नाकारता येत नाही’ एवढंच लिहितो.

हा हट्ट कशासाठी, तर दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. कवड्याला मण्यार म्हटलं तर लोक लांब उभे राहतात. मण्यारीला कवड्या म्हटलं तर कुणीतरी तिला उचलतं. जोसेफ स्लोविन्स्की हे कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे सर्पतज्ज्ञ होते, मण्यारींसारख्या विषारी सापांवरच काम करणारे. 2001 च्या सप्टेंबरमध्ये उत्तर म्यानमारच्या मोहिमेत पिशवीतला एक लहान पट्टेदार साप त्यांच्यासमोर आला. तो मण्यारीसारख्या दिसणाऱ्या बिनविषारी सापांपैकी आहे, असं समजलं गेलं होतं. त्यांनी पिशवीत हात घातला, साप चावला, आणि तो मण्यारीचं पिल्लू निघाला. दुर्गम भागात मदत वेळेत पोचू शकली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. 2005 मध्ये वर्णन झालेल्या मण्यारीच्या एका जातीला त्यांचं नाव दिलेलं आहे. लहान सापाचे पट्टे तज्ज्ञांनाही फसवतात, म्हणून खवले दिसेपर्यंत नाव लिहायचं नाही.

दुसरा फोटो मागताना

अस्पष्ट फोटोवर वाद घालण्यापेक्षा पाठवणाऱ्याला नेमकं काय हवं ते सांगा, तेही सुरक्षित अंतरावरून मिळेल असंच. साप अजून तिथेच असेल तर किमान दोन मीटर लांब राहून, मोबाइल झूम करून तीन फोटो पुरतात: पूर्ण साप एकाच चौकटीत, पाठीचा मधला भाग वरून, आणि शेपटीचं टोक. फ्लॅश बंद करून कुणीतरी बाजूने टॉर्च धरली तर पाठीवरची चमक कमी होते आणि खवल्यांच्या कडा उठतात. काठीने सरळ करणं, झाडूने हलवणं, बाटलीत घालणं यातलं काहीही सुचवू नका. साप कोपऱ्यात दबून बसला असेल आणि पाठ दिसत नसेल, तर आणखी फोटो न मागता तो मण्यारच आहे असं धरून सर्पमित्र येईपर्यंत खोली बंद ठेवायला सांगा आणि दाराखालच्या फटीत कापड कोंबायला लावा.